नऊ क्रमांकाची समई

पत्र चार फुलस्केप पानांचे आहे. निळी शाई, डाव्या हाताला पट्टीने आखलेला समास, आणि खोडलेला शब्द कुठेही गिरमिटलेला नाही; एक सरळ रेघ आणि पुढे दुरुस्त शब्द. लिहिणाऱ्या बाई जालना जिल्ह्यातल्या, अंबड तालुक्यातल्या एका गावच्या. जन्म हैदराबाद संस्थान संपल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला. आयुष्यभर शाळेत शिकवले. वडिलोपार्जित वाडा उतरवायचे ठरले तेव्हा माळ्यावरचे आणि देवघरातले जुने दिवे पुण्यातल्या एका संग्रहालयाला द्यावेत असे भावंडांनी ठरवले आणि पत्र लिहिण्याचे काम थोरल्या बहिणीकडे आले. प्रत त्यांनी मला वाचायला दिली आणि नाव न घालता लिहिण्याची मोकळीक दिली. मराठीत ललित म्हणून छापले गेलेले बरेच गद्य या चार पानांपुढे मला फिके वाटते. ते का, हे सांगण्यासाठी पत्र ओळीओळीने वाचावे लागेल.

मायन्यानंतर विषयाची ओळ येते: ‘घरातील जुने पितळी दिवे व त्यांची माहिती संग्रहालयास देण्याबाबत.’ दिवे देणे आणि माहिती देणे ही इथे दोन दाने आहेत, आणि दुसरे पहिल्याच्या शेपटाला बांधलेले नाही. संग्रहालयांकडे अशी पत्रे नेहमी येतात. बहुतेकांत वस्तूंची नावे असतात, ‘पेशवेकालीन’ किंवा ‘दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे’ असा एक शिक्का असतो आणि घराण्याच्या मोठेपणाचा एक परिच्छेद असतो. या पत्रात घराण्याचे मोठेपण नाहीच. सा. न. वि. वि. झाल्यावर लगेच बाई लिहितात: ‘खाली बारा क्रमांकांची यादी देत आहे. प्रत्येकापुढे मी पाहिलेले, मी ऐकलेले आणि माझा अंदाज असे वेगळे लिहिले आहे. कृपया ते एकत्र करू नये.’

ही विनंती पत्राचा कणा आहे. अभिरक्षकाला वस्तूच्या पूर्वेतिहासात नेमके हेच हवे असते आणि नेमके हेच मिळत नाही. आजीने सांगितलेली गोष्ट नातवाच्या तोंडी येईपर्यंत ‘असे म्हणत’ गळून पडते आणि ‘असे होते’ उरते. नोंदवहीत गेल्यावर तर ते पक्केच होते. बाईंनी ती गळती पत्रातच थांबवली आहे. एका ठिकाणी तर ‘हे आईने सांगितले, आत्याने वेगळे सांगितले’ असे लिहून दोन्ही पाठ दिले आहेत आणि स्वतःचा कौल दिलेला नाही.

यादीत काय आहे ते थोडक्यात सांगतो. दोन लामणदिवे, एक साखळीसकट आणि एक तुटलेल्या साखळीला लोखंडी तार गुंडाळलेला. दोन ठाणवया. हातात पणती धरून उभी असलेली वीतभर उंचीची दीपलक्ष्मी. नागफणीच्या मुठीची पंचारती, काकडआरती, समई, खंडोबाची दिवटी, निरांजनांची जोडी. आणि सगळ्यात शेवटी, बाराव्या क्रमांकावर, पत्र्याची रॉकेलची चिमणी. तिच्यापुढे लिहिले आहे: ‘ही पितळी नाही. पण ही घरात आल्यावर बाकीचे माळ्यावर गेले, म्हणून हिच्याशिवाय यादी पुरी होत नाही.’ जुन्या सुंदर वस्तूंच्या रांगेत ही काळवंडलेली चिमणी ठेवायला इतिहासाची खरी जाण लागते.

पहिला क्रमांक साखळीच्या लामणदिव्याचा. साखळीत मधूनमधून ओतीव पोपट, खाली तेलाचे तबक आणि तबकाच्या मधोमध बसलेला पक्षी. हा पक्षी नुसता शोभेचा नाही. बाई लिहितात: ‘पक्षी फिरवला की निघतो. उलटा करून पोटात तेल भरायचे, खालच्या भोकावर बोट धरून सुलटा बसवायचा. तबकातले तेल कमी झाले की आपोआप थेंब थेंब उतरते. (पाहिले.) एरंडेल घातले तर दाटपणामुळे नीट उतरत नाही, वात कोरडी पडते, करडईचे किंवा तिळाचे घालावे, असे आई सांगे. (ऐकले.)’

यातली युक्ती अशी. पक्ष्याच्या पोटाला वर कुठेही छिद्र नसते. तबकातल्या तेलाने खालचे भोक झाकलेले असेपर्यंत आत हवा शिरत नाही आणि तेल बाहेर येत नाही. वात तेल पिते, पातळी भोकाखाली जाते, हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढे तेल उतरते. भोक पुन्हा बुडते आणि धार थांबते. दख्खनेतल्या चांगल्या लामणदिव्यांत ही रचना आढळते आणि संग्रहालयाच्या पाटीवर तिचा उल्लेखही असतो. पण कोणते तेल चालते आणि कोणते अडते हे पितळेकडे कितीही वेळ पाहून कळत नाही. मराठवाड्याच्या काळ्या रानात करडई होते आणि घाण्याचे करडईचे तेल घरात असते, म्हणून हा दिवा या घरात नीट चालला. मुठीएवढा पक्षी अशा रीतीने त्या भागाच्या पिकाशी जोडला जातो, तोही केवळ एका कंसातल्या ‘ऐकले’मुळे.

याच दिव्याच्या तबकाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांत कोरलेली अक्षरे आहेत. कासाराच्या दुकानात भांड्यावर नाव घालून देतात तशी, टोच्याने ठोकलेली. त्यांतले ‘शार्वरी ना’ एवढेच आता वाचता येते. पुढे ‘नाम संवत्सरे’ असणार हे उघड आहे. त्याआधी शकाचा आकडा असला पाहिजे, पण तिथे पितळ गुळगुळीत झाले आहे.

आता संवत्सरांची साखळी साठ वर्षांची. शार्वरी संवत्सर शके १७०२ मध्ये होते, १७६२ मध्ये होते आणि १८२२ मध्येही होते. म्हणजे इसवी सन १७८०, १८४० किंवा १९०० सालच्या पाडव्यापासूनचे वर्ष. दान देणाऱ्याला यांतले कोणते आवडेल? १७८० म्हटले की उत्तर पेशवाई, नाना फडणविसांचा काळ. खोडून काढणारा आकडा तर पुसलेलाच आहे. बाईंनी तिन्ही वर्षे दिली आहेत आणि पुढे लिहिले आहे: ‘हा दिवा पणजीच्या लग्नात आला. तिचे लग्न मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी झाले आणि वऱ्हाड जालन्याला नव्या रेल्वेने उतरले, असे आजोबा सांगत. (ऐकले.) म्हणून माझ्या अंदाजाने शके १८२२.’

हा अंदाज तपासून पाहता येतो आणि तो टिकतो. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्याच्या आठवणीत खोल गेलेला आहे. निजामाची हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना या वाटेने आली तीही १९०० च्या सुमारास. त्याआधीच्या शार्वरीत, १८४० साली, हिंदुस्थानात प्रवासी रेल्वे कुठेच नव्हती. शिवाय आजोबांना १९७२ साली पाहिलेली नात हे लिहिते आहे, आणि त्यांच्या आईचे लग्न १९०० मध्ये झाले असेल तर पिढ्यांचा हिशेब बरोबर बसतो. तीन वेगळ्या दोऱ्या एकाच खुंटीला येऊन बांधल्या जातात.

तरीही पुढचे वाक्य वाचून मी थांबलो. ‘अक्षरे लग्नाची आहेत. दिवा त्याहून जुना असू शकेल. ते मला कळत नाही.’ कासार नाव घालतो ते विकताना किंवा देताना. ओतारी दिवा ओततो तेव्हा नव्हे. वधूच्या घरी आधीपासून असलेल्या लामणदिव्यावर लग्नाच्या वेळी संवत्सर घातले असेल तर कोरलेले साल फक्त ‘याच्या नंतरचा नाही’ इतकेच सिद्ध करते. तारीख आणि वय यांतला हा फरक नवखे अभ्यासकही चुकवतात. आणि हा दिवा शके १८२२ चा धरला तरी त्याचे महत्त्व तसूभर कमी होत नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षे पुरी झालेल्या वस्तूला पुरावस्तू मानतो, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेवढे वय याने केव्हाच गाठले आहे. त्याला पेशव्यांच्या काळात ढकलायची गरज नव्हती आणि बाईंनी ढकलले नाही.

शकाचा आकडा पुसला कसा? त्याचे उत्तरही पत्रातच आहे, दुसऱ्या पानावर, दुसऱ्याच संदर्भात. ‘दिव्यांच्या अवसेला सगळे दिवे काढून चिंच, मीठ आणि रांगोळीने लख्ख घासायचे, पाटावर मांडून लावायचे आणि कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा. हे मी लहानपणापासून केले. (पाहिले.)’ आषाढी अमावास्या वर्षातून एकदा येते. चिंचेतले आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवते, रांगोळीची खर त्याखालचे पितळ किंचित खरवडते. एका वर्षात काही दिसत नाही. पण शंभर वर्षांत अंगठा ज्या बाजूने जास्त फिरतो त्या बाजूची ठिपक्यांची अक्षरे सपाट होतात. मिठाचे काम आणखी चिवट. कोरीव खाचांत राहिलेला क्षार दमट हवेत पितळ आतून खात राहतो.

म्हणजे या घराने पूजा केली आणि त्या पूजेनेच आकडा गेला. संवर्धनाच्या दृष्टीने ही हानी आहे. मला मात्र ती गुळगुळीत जागा हीदेखील एक नोंद वाटते: चार पिढ्यांतल्या बायकांच्या हातांची. ‘शार्वरी ना’ वाचता येणे जितके मोलाचे, तितकेच त्याच्या आधीचे न वाचता येणेही मोलाचे, मात्र कारण माहीत असेल तर. कारण दुसऱ्या पानावर आहे. दिवा आणि पत्र वेगळे झाले तर ती जागा म्हणजे नुसती झीज उरेल.

तिसरे पान १९४८ चे आहे. सगळे ‘ऐकले’, कारण बाईंचा जन्म त्यानंतरचा. रझाकारांच्या दिवसांत गावातली काही घरे संस्थानाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, यांचे घर देऊळगाव राजाला. ‘जाताना दिवे गोणपाटात बांधून चौकातल्या पेवात ठेवले, वर कडबा आणि माती टाकली. पोलीस अ‍ॅक्शननंतर दिवाळीच्या आत परत आले तेव्हा पेवात पाणी उतरलेले होते. एक, पाच आणि आठ या तिघांच्या एका अंगाला हिरवट डाग आहेत ते तेव्हाचे, असे आई सांगे.’ आणि कंसाबाहेर, वेगळ्या ओळीत: ‘डाग पाहिलेले आहेत. मी कधी घासले नाहीत. आपणही शक्यतो घासू नयेत.’

पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची. पावसाळ्याचे दिवस. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. काळ्या मातीत पाणी झिरपले तर तळ साचतो. ओल्या गोणपाटात महिना-दोन महिने पडलेल्या पितळेला मातीला टेकलेल्या बाजूने हिरवे चढणार हे रास्त आहे, आणि डाग सर्वांगावर नसून एकाच अंगाला आहेत हे त्या गोष्टीला धरूनच आहे. पण हिरव्या डागाला तारीख नसते. माळ्यावर गळक्या कौलाखालीही तो येतो. डाग गोष्टीला पुष्टी देतो, पुरावा देत नाही, आणि बाईंनीही त्याला पुरावा म्हटलेले नाही.

‘शक्यतो’ हा शब्द इथे फार जाणतेपणाने आला आहे. हिरव्याचे दोन प्रकार असतात. गडद, कठीण, काचेसारखा घट्ट बसलेला थर बहुधा स्थिर असतो. तो खालच्या धातूला झाकून ठेवतो आणि तसाच राहू देतात. फिकट, पोपटी, बोटाला भुकटी लागणारा थर मात्र जिवंत असतो. मऊ कुंचल्याने झाडला तरी दमट दिवसांत तो पुन्हा येतो, कारण आत क्षार काम करत असतात. तसा असेल तर संग्रहालयाला हात घालावाच लागेल, निदान कोरड्या हवेच्या कपाटात ठेवावेच लागेल. पितळेत तिसरेही एक चिन्ह पाहतात: लालसर गुलाबी ठिपके. तिथून जस्त निघून गेलेले असते आणि मागे ठिसूळ तांबे उरते. पाचव्या क्रमांकाच्या दीपलक्ष्मीच्या टाचेपाशी असा ठिपका असल्याचे बाईंनी लिहिले आहे, ‘तांब्याचा रंग दिसतो, कारण माहीत नाही’ एवढ्याच शब्दांत. वाचणाऱ्या संवर्धकाला तेवढ्यावरून कळेल की ही मूर्ती टाचेला धरून उचलायची नाही.

आता नऊ क्रमांक. यादीत आठव्या ओळीत समईची नोंद आहे: उंची सव्वादोन फूट, वजन वाण्याच्या काट्यावर करून लिहिलेले, शिखरावर मान डावीकडे वळवलेला मोर, ताटाला पाच नाके, त्यांतले एक चेपलेले. नवव्या ओळीत असे आहे:

‘९. समई. आठची जोड. आमच्याकडे नाही. मोराची मान उजवीकडे. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी जालन्याला नेऊन मोडीत दिली. मी पिशवी बांधून दिली होती. (पाहिले.) त्या पैशांचा कडबा आणला. एक बैल जगला.’

नसलेल्या वस्तूला क्रमांक देणारी दानाची यादी मी दुसरी पाहिलेली नाही. समया जोडीने असतात. देवापुढे दोन बाजूंना दोन. संग्रहालयात एकटी समई आली की जोड हरवली असे धरून चालतात आणि पुढे कोणी विचारत नाही. इथे ती हरवलेली नाही, दिलेली आहे. केव्हा, कोणी, कुठे, कशासाठी हे सगळे ठाऊक आहे आणि लिहिणारीचे हात त्या पिशवीच्या गाठीला लागलेले आहेत. १९७२ मध्ये मराठवाड्यात माणसे खडी फोडत होती, रेशनवरचा तांबडा मिलो खात होती आणि कडब्याला सोन्याचा भाव आला होता. मोडीत वजनाला भाव मिळतो, घडणीला नाही. मोराच्या मानेचे कोणी काही दिले नसेल. बाईंनी यावर एकही भावनेचा शब्द खर्च केलेला नाही. तीन लहान वाक्ये आहेत: समई गेली, कडबा आला, बैल जगला. दु:ख आहे की समाधान, हे त्या सांगत नाहीत आणि मलाही तिथे काही भरावेसे वाटत नाही. दोनांतली एकच का दिली, यावर मात्र त्या लिहितात, ‘मी विचारले नाही.’

चौथ्या पानावर व्यवहाराची कलमे आहेत आणि ती लवकर संपतात. चौघा भावंडांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. हे महत्त्वाचे, कारण वडिलोपार्जित वस्तूवर एकाच वारसाची सही असेल तर दान पुढे वादात सापडते. जंगम वस्तूचे बक्षीस ताबा देऊन आणि घेणाऱ्याने स्वीकारून पुरे होऊ शकते. तरीही संग्रहालये लेखी बक्षीसपत्र मागतात ते याचसाठी. नेहमी मांडून ठेवावे, घराण्याच्या नावाची पाटी लावावी अशी एकही अट नाही. मोठ्या संग्रहालयांतला बराचसा साठा मांडणीच्या बाहेरच असतो, म्हणून अशा अटी पाळता येत नाहीत आणि चांगल्या वस्तू त्यापायी नाकाराव्या लागतात. उलट बाई लिहितात: ‘सगळे घ्यावेत असा आग्रह नाही. जे घेणार नाही त्यांची माहितीही या पत्राबरोबर राहू द्यावी.’

इथे मला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण होते. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी घरोघर, बाजारोबाजार फिरून वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांचे संग्रहालय केले आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. दिव्यांवर त्यांचा विशेष जीव. भारतीय दिव्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये काढले. तिथे दिव्यांचे जेवढे प्रकार शेजारी शेजारी पाहता येतात तेवढे एका घरात कधीच सापडणार नाहीत. संग्राहक घडणीची तुलना शक्य करतो. पण एका घरातल्या दिव्यांचे एकमेकांशी असलेले नाते, चिमणी आली म्हणून लामणदिवा माळ्यावर गेला आणि बैल जगावा म्हणून समई गेली, हे घराने स्वतः दिले तरच मिळते. दोन्ही प्रकारची दाने लागतात, आणि दुसऱ्या प्रकारचे दान वस्तूपेक्षा पत्रात जास्त असते.

आठव्या क्रमांकाच्या वर्णनातली एक ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. पहिल्या वाचनात ती माझ्या नजरेतून सुटली असती. ‘बुडाच्या आट्यापाशी एक ठिपका आहे, ताटाच्या आट्यापाशी दोन. ताट शेवटच्या फेऱ्याला अडते, पूर्वीपासून.’

समई एकसंध नसते. बूड, दांडा, ताट आणि शिखर वेगवेगळे ओतून आट्यांनी एकमेकांत फिरवतात. आटे त्या त्या समईपुरते जुळवलेले असतात, म्हणून जोड करताना एकीच्या भागांवर एक खूण आणि दुसरीच्या भागांवर दोन खुणा करून ठेवणे सोयीचे. एका ठिपक्याचे बूड आणि दोन ठिपक्यांचे ताट हे एकाच समईचे नव्हेत. दिव्यांच्या अवसेला दोन्ही समया सोडवून घासल्या, सुटे भाग उन्हात वाळत ठेवले आणि परत जोडताना ताटांची अदलाबदल झाली, असेच घडले असणार. ‘पूर्वीपासून’ म्हणजे १९७२ च्या आधीपासून. बाईंनी याचा अर्थ लावलेला नाही. त्यांनी जे दिसले ते लिहिले. पण हा अर्थ बरोबर असेल तर पाच नाकांचे, त्यांतले एक चेपलेले ताट हे नवव्या क्रमांकाचे आहे. मोडीत गेली ती समई पुरी गेलीच नाही. तिचा तेल धरणारा भाग या घरात राहिला आणि आठव्या समईचे एका ठिपक्याचे ताट जालन्याच्या तराजूवर चढले.

संग्रहालयाने ही समई घेतली तर नोंद करणाऱ्याला दाखल क्रमांक एकच द्यावा लागेल. वर्णनाच्या रकान्यात मात्र त्याने दोन्ही ठिपके लिहावेत, चेपलेल्या नाकाचे माप घ्यावे आणि पुढे ‘पत्रातील क्र. ८, ताट बहुधा क्र. ९ चे’ अशी नोंद करावी. आटा अडतो म्हणून तो मोकळा करण्यासाठी कानस लावू नये.